फोन चोरीला गेला? नवीन सिमवर धंद्याचे चॅट परत आणायचे, पण योग्य क्रमाने



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला होता. "सर, फोन हरवला. नवीन सिम घेतलं, व्हॉट्सॲप टाकलं, तर सगळं कोरं! जुने चॅट कुठे गेले?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं होतं. इथे सविस्तर लिहितो, कारण या कामात क्रम चुकला तर वाचू शकणारा डेटासुद्धा आपल्याच हाताने जातो.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊन समजून घेऊ. सांगली जिल्ह्यात त्यांचा पापड, लोणची आणि फराळाचा घरगुती उद्योग आहे. पाकिटावर छापलेला नंबर एकच, आणि सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेसवर येतात. दिवाळीच्या आधी दोन आठवडे, मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आठवडी बाजाराच्या गर्दीत त्यांचा अँड्रॉइड फोन गेला. कोणाला किती किलो चकली, कोणी ॲडव्हान्स दिलाय, कोणाचा पत्ता काय, हे सगळं त्या फोनमध्ये. वही नव्हती.

आधी समजून घ्या: कोणती गोष्ट कुठे असते

आपण म्हणतो "व्हॉट्सॲप फोनमध्ये होतं". खरं तर तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी असतात.

खातं असतं तुमच्या नंबरवर. ज्याच्याकडे त्या नंबरवर येणारा सहा आकडी कोड येईल, तो ते खातं उघडू शकतो.

चॅट असतात फोनमध्ये. त्यांची प्रत, म्हणजे बॅकअप, असते तुमच्या गुगल खात्यात, तेही तुम्ही बॅकअप चालू ठेवला असेल तर. आयफोनवाल्यांची प्रत आयक्लाउडमध्ये असते.

आणि त्या बॅकअपला दोन कुलपं आहेत: तोच नंबर आणि तेच गुगल खातं. दोन्ही जुळले तरच नवीन फोन तो बॅकअप शोधतो.

म्हणून "नवीन सिम" या शब्दातच घोळ आहे. नवीन सिम म्हणजे जुन्याच नंबरचं डुप्लिकेट सिम हवं. घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातून वेगळ्या नंबरचं सिम घेऊन व्हॉट्सॲप चालू केलंत, तर ते तुमच्यासाठी नवं कोरं खातं असतं. तिथे जुना बॅकअप दिसणारच नाही. नंबर बदलायचाच असेल, तरी आधी जुन्या नंबरवर सगळं परत आणायचं आणि मग ॲपमधल्या Change number मधून बदलायचा.

पहिला तास: सिम बंद, आणि लॅपटॉप असेल तर वही-पेन

ताईंनी मुलाच्या फोनवरून स्वतःला फोन लावला. दोनदा रिंग वाजली, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. मुलाने लगेच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून सिम बंद करायला लावलं. हे सगळ्यात पहिलं काम. कारण चोराने तुमचं सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं, तर फोनचं लॉक त्याच्या काही कामाचं उरत नाही. कोड त्याच्याकडे येतो आणि तुमच्या नंबरचं व्हॉट्सॲप तो उघडतो. जुने चॅट त्याला मिळत नाहीत, पण तुमच्या नावाने ग्राहकांना मेसेज मात्र करू शकतो. "ताई बोलतेय, ॲडव्हान्स या नंबरवर पाठवा" एवढं पुरे आहे. त्याच वेळी बँकेलाही फोन करून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय थांबवा.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. सिम बंद झालं म्हणून जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप बंद होत नाही. तो फोन वायफायवर असेल तर ॲप चालूच राहतं. ते बंद होतं दोन प्रकारे: एक, तुम्ही त्याच नंबरने नवीन फोनवर नोंदणी केली की जुना फोन आपोआप बाहेर पडतो. दोन, व्हॉट्सॲपला ईमेल करून खातं निष्क्रिय करून घेतलं तर. त्या ईमेलबद्दल पुढे सांगतो.

आता लॅपटॉप. ताईंच्या घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब जोडलेलं होतं. फोन बंद असला तरी ते चालतं. मुलाला वाटलं, सिम मिळालं की सगळं परत येईलच, मग कशाला बघा. पण बॅकअप हा शेवटच्या बॅकअपपर्यंतचाच असतो. रोजचा बॅकअप लावला असेल तर तो साधारण रात्री दोनला होतो. म्हणजे मंगळवारी रात्री दोनपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंतच्या ऑर्डरी बॅकअपमध्ये नाहीत! त्या फक्त चोरीला गेलेल्या फोनमध्ये आणि लॅपटॉपवर. आणि नवीन फोनवर नोंदणी झाली की जोडलेले सगळे लॅपटॉप-टॅब बाहेर पडतात.

मी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, आधी आजच्या ऑर्डरी उतरवून घ्या. त्या दिवशीच्या चौदा ऑर्डरी त्यांनी वहीत लिहिल्या, पत्त्यांचे आणि ॲडव्हान्सच्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. पाऊण तास लागला. त्या चौदा ऑर्डरी पुढे दुसरीकडून कुठूनही मिळाल्या नसत्या.

थांबायचं की लगेच तोडायचं?

इथे निर्णय एका प्रश्नावर आहे. फोन गेला तेव्हा तो लॉक होता का?

ताईंचा फोन पर्समध्ये, स्क्रीन लॉक असलेला होता. आत शिरणं सोपं नव्हतं, म्हणून ऑर्डरी लिहून काढायला वेळ घेता आला. पण बोलता बोलता हातातून हिसकावला असेल, स्क्रीन उघडीच असेल, तर चोर थेट तुमच्या चॅटमध्ये आहे. मग वहीपेक्षा खातं बंद करणं महत्त्वाचं. लॅपटॉपवरचे अगदी महत्त्वाचे चार-पाच स्क्रीनशॉट काढा आणि पुढची दोन कामं करा.

पहिलं, दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर आपल्या गुगल खात्याने google.com/android/find उघडा. तिथून फोन दुरून लॉक करता येतो, आणि गरज पडली तर पुसताही येतो. फोन इंटरनेटवर आला तरच हे होतं, पण आदेश देऊन ठेवता येतो. पुसल्यावर त्याचं ठिकाण दिसणं बंद होतं, म्हणून आधी लॉक करा. फोन पुसला तरी गुगल खात्यातला बॅकअप जात नाही, ती भीती नको.

दुसरं, डुप्लिकेट सिम मिळायला एक-दोन दिवस लागणार असतील, तर support@support.whatsapp.com वर ईमेल करा. मजकूर असा:

```
Lost/Stolen: Please deactivate my account
+91XXXXXXXXXX
```

नंबर +91 सह पूर्ण लिहायचा. खातं निष्क्रिय झालं तरी पुसलं जात नाही. तीस दिवसांत तुम्ही पुन्हा नोंदणी केली तर ग्रुप जागच्या जागी असतात आणि अडकलेले मेसेज येतात. तीस दिवस उलटले की मात्र खातं कायमचं जातं. म्हणून ईमेल करून निवांत बसू नका.

डुप्लिकेट सिम: इथे दोन अडचणी येतात

बुधवारी सकाळी ताई आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात गेल्या. पहिली अडचण तिथेच. सिम त्यांच्या नावावर नव्हतंच, दहा वर्षांपूर्वी दिरांच्या कागदपत्रांवर घेतलेलं होतं. डुप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर आहे त्यालाच, त्याची ओळख पटवून मिळतं. दीर गावातच होते म्हणून तासाभरात आले. पुण्यात नोकरीला असते तर? किंवा नंबर भांडून गेलेल्या जुन्या भागीदाराच्या नावावर असता तर? पाकिटावर छापलेला नंबर कोणाच्या नावावर आहे, हे आजच तपासा आणि दुसऱ्याच्या नावावर असेल तर स्वतःच्या नावावर करून घ्या.

दुपारी एक वाजता सिम चालू झालं. फोन येऊ-जाऊ लागले. मुलाने घरातल्या जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, नंबर घातला आणि कोडची वाट बघत बसला. एसएमएस आलाच नाही. पुन्हा मागवला, पुन्हा नाही.

ही दुसरी अडचण, आणि यात सिम खराब नसतं. सिम बदललं की पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवलं जातं. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हा नियम केला, म्हणजे कोणी फसवून तुमचं सिम काढलं तरी बँकेचे ओटीपी लगेच त्याच्या हाती पडू नयेत. नियम आपल्याच भल्याचा आहे, पण आपण ऐन घाईत असतो.

कॉल मात्र चालू असतात. म्हणून कोडच्या स्क्रीनवर फोन कॉलने कोड मागण्याचा पर्याय निवडायचा. स्क्रीनवरचा वेळ संपला की तो पर्याय मिळतो. कॉलवर मशीन सहा आकडे वाचून दाखवतं, पेन हातात ठेवा. पुन्हा पुन्हा कोड मागवू नका किंवा अंदाजाने आकडे टाकू नका. जास्त प्रयत्न झाले की ॲप काही तास थांबायला लावतं. मुलाने चार वेळा मागवल्यामुळे ताईंना तासभर थांबावं लागलं.

यूपीआय ॲप नव्या फोनवर जोडायला तुमच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. त्यामुळे ते काम दुसऱ्या दिवसावर ठेवा, उगाच चिडू नका.

नोंदणीच्या आधी गुगल खातं, आणि Restore च्या जागी थांबा

एका तासाची सक्तीची सुट्टी मिळाली ते बरंच झालं. कारण मुलाने नव्या फोनमध्ये स्वतःचंच जीमेल टाकलं होतं. तशीच नोंदणी झाली असती तर "बॅकअप सापडला नाही" असंच आलं असतं.

ताईंची तीन जीमेल खाती निघाली. एक फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, एक मुलाने, एक बँकेसाठी. बॅकअप कशात? हे नोंदणीच्या आधी बघता येतं. कॉम्प्युटरवर एकेका खात्याने drive.google.com/drive/backups उघडायचं. ज्या खात्यात व्हॉट्सॲपच्या बॅकअपची नोंद आणि ताजी तारीख दिसेल, ते आपलं खातं. ताईंचं दुकानदाराने उघडून दिलेलं निघालं. पासवर्ड आठवत नव्हता, पण लॅपटॉपवर ते खातं आधीच उघडं होतं म्हणून वाचलं. गुगल कधी कधी "जुन्या फोनवर हो म्हणा" असं विचारतं. तेव्हा दुसरा मार्ग निवडायचा पर्याय असतो, जसं की आधी जपून ठेवलेले बॅकअप कोड.

आता क्रम नीट बघा:

१. नव्या फोनमध्ये बॅकअप असलेलं गुगल खातं घाला.
२. जुन्या फोनमध्ये होतं तेच ॲप टाका. व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर बिझनेसच. तिथला बॅकअप साध्या व्हॉट्सॲपमध्ये उघडायला जाऊ नका.
३. वायफाय लावा, फोन चार्जिंगला लावा, आणि बॅकअपच्या आकारापेक्षा जास्त जागा मोकळी आहे ना बघा.
४. नंबर घालून कॉलने कोड घ्या.
५. बॅकअपचा आकार आणि तारीख दिसली की Restore दाबा.

पाचव्या पायरीवर सगळ्यात मोठी चूक होते. लोक घाईत Skip दाबतात. "आधी चालू तर होऊ दे, चॅट नंतर आणू." नंतर सेटिंगमध्ये Restore चं बटण शोधत बसतात, ते तिथे नसतं. हा पर्याय फक्त नोंदणीच्या वेळी मिळतो. त्याहून वाईट पुढे आहे. कोऱ्या ॲपमध्ये त्याच गुगल खात्यावर रोजचा बॅकअप चालू केला, तर रात्री कोऱ्या चॅटचा बॅकअप होतो आणि जुन्यावर लिहिला जातो. गुगल ड्राइव्हमध्ये या बॅकअपची आधीची आवृत्ती परत मिळत नाही.

Skip दाबलं गेलंच असेल तर घाबरू नका, पण त्याच दिवशी हालचाल करा. नवीन बॅकअप होऊ देऊ नका, ॲप काढून टाका, पुन्हा टाका आणि या वेळी Restore दाबा. मधल्या वेळात त्या कोऱ्या ॲपमध्ये आलेले मेसेज यात जातील, तेवढे आधी लिहून घ्या.

आणखी दोन मर्यादा सांगून ठेवतो. अँड्रॉइडचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही, म्हणून चॅट हवे असतील तर तात्पुरता का होईना अँड्रॉइड फोनच वापरा. आणि तुम्ही एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केला असेल, तर त्याचा पासवर्ड किंवा चौसष्ट अक्षरांची किल्ली लागेल. ती हरवली तर व्हॉट्सॲप कंपनीसुद्धा तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

काय परत आलं, काय नाही

ताईंचा बॅकअप मंगळवारी रात्री दोनचा होता. आधी मजकूर आला, फोटो मागाहून हळूहळू उतरले. मंगळवारी दिवसभराच्या चौदा ऑर्डरी वहीत होत्या. फोन बंद पडल्यानंतर आलेले मेसेजही बरेचसे आले. काही ठिकाणी मजकुराऐवजी "Waiting for this message" असं दिसत होतं. हे का होतं, तर तो मेसेज जुन्या फोनच्या किल्लीने बंद केलेला असतो. पाठवणाऱ्याचा फोन इंटरनेटवर आला की तो नव्याने येतो. दिवसभरात नाही आला, तर ग्राहकाला सरळ फोन करून "पुन्हा पाठवा" म्हणायचं.

चोराने आधीच पिन लावला असेल तर

समजा तुम्ही कोड घातला आणि ॲपने सहा आकडी पिन मागितला, जो तुम्ही कधी लावलाच नव्हता. म्हणजे मधल्या वेळात दुसऱ्या कोणीतरी तुमच्या नंबरवर नोंदणी करून टू-स्टेप पिन लावला आहे. अशा वेळी सात दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय आत जाता येतं. पण एक दिलासा आहे. तुम्ही सहा आकडी कोड घातला त्याच क्षणी तो माणूस बाहेर पडलेला असतो. सात दिवस तुम्ही आत नाही, पण तोही नाही. त्या सात दिवसांत ग्राहकांना साध्या फोनवरून कळवा की या नंबरवरून पैशाचा मेसेज आला असेल तर तो आमचा नाही. कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्यांनी लगेच १९३० वर तक्रार करावी, जितकी लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

ताईंच्या बाबतीत असं झालं नाही, कारण सिम पहिल्या तासात बंद झालं होतं. खातं उघडल्यावर त्यांनी लगेच तीन गोष्टी केल्या. Settings मध्ये Account, तिथे Two-step verification लावलं आणि सोबत ईमेलही दिला, म्हणजे पिन विसरला तर सात दिवस थांबायला नको. Linked devices मध्ये अनोळखी काही नाही ना पाहिलं. आणि ग्राहकांना एक साधा मेसेज पाठवला: "आमचा फोन चोरीला गेला होता. नंबर तोच आहे. मंगळवार ते बुधवार दरम्यान ऑर्डर दिली असल्यास कृपया पुन्हा खात्री करा."

शेवटचं काम: हँडसेट ब्लॉक करणं

पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घ्या. मग sancharsaathi.gov.in वर हरवलेला फोन ब्लॉक करण्याचा अर्ज भरा. त्याला तक्रारीची प्रत, बिल आणि आयएमईआय नंबर लागतो. आयएमईआय बिलावर किंवा फोनच्या खोक्यावर असतो. अर्जात ओटीपी एसएमएसने येतो, म्हणून डुप्लिकेट सिमचे चोवीस तास झाल्यावर हे करा. ब्लॉक झालेला फोन भारतात कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. पण वायफायवर तो चालू शकतो, त्यामुळे हे व्हॉट्सॲप बंद करण्याच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे. फोन सापडला तर अनब्लॉक करायला अर्जाचा क्रमांक लागतो, तो जपून ठेवा.

आज फोन हातात आहे तोवर एवढं करा. *#06# दाबून आयएमईआय बघा. व्हॉट्सॲपच्या Chat backup मध्ये जाऊन कोणतं जीमेल आहे आणि शेवटचा बॅकअप कधीचा आहे ते बघा. या तीन गोष्टी आणि सिम कोणाच्या नावावर आहे ते, ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पिन आणि पासवर्ड तिथे लिहू नका. ताईंकडे आता ती वही आहे, आणि त्यात रोज संध्याकाळी दिवसभराच्या ऑर्डरीही उतरतात.